जिवाची पर्वा करणारी बाई

लिफ्ट दुरुस्तीच्या त्या वर्कशॉपात सुपरवायझरला सगळे मोर्चा म्हणत. पगार उशिरा झाला, हातमोजे फाटके आले, संडासाची कडी तुटली, काहीही झालं की हा गडी चार जणांना मागे घेऊन मालकाच्या केबिनमध्ये घुसायचा. शाळा अर्धवट राहिली होती, पण युनियनची निवेदनं लिहून लिहून लेखणीला अशी धार चढली होती की मालकाचा वकीलसुद्धा दोनदा वाचायचा. त्याचा मोर्चाला भारी अभिमान. राग मात्र नाकाच्या शेंड्यावर. कुणी त्याच्या लिखाणातला एक शब्द बदलायला सांगितला, की झालीच भांडणाला सुरुवात.

त्या दिवशी त्याच्या जुन्या सहकारी मेकॅनिक बाईचा फोन आला आणि मोर्चा खुर्चीतून उठून उभाच राहिला. बाईने तीन वर्षांपूर्वी आईच्या आजारपणामुळे वर्कशॉप सोडून घराजवळची नोकरी धरली होती. आता लिफ्ट मेकॅनिक तयार करणाऱ्या प्रशिक्षण केंद्रात शिकवणाऱ्याची जागा निघाली होती. अर्ज तिने केला होता. केंद्राला हवं होतं शिफारसपत्र, तिच्याबरोबर प्रत्यक्ष काम केलेल्या माणसाचं आणि त्यानेच थेट पाठवलेलं. मुदत उद्या संध्याकाळची. "भाऊ, तुम्ही लिहाल का?" असं तिने विचारायच्या आत याने हो म्हणून टाकलं. आपल्या वर्कशॉपातली बाई उद्या पोरांना शिकवणार! त्याला तर आत्ताच पेढे वाटावेसे वाटत होते.

घरी जेवण बाजूला सारून तो लिहायला बसला. पहिला कागद मुलीने वाचला. ती एका कंपनीच्या भरती विभागात कामाला, असली पत्रं रोज चाळणारी. तिने विचारलं, "बाबा, कष्टाळू, प्रामाणिक, मनमिळाऊ... ही बाई लिफ्ट दुरुस्त करते की लग्नं जमवते?" मोर्चा भडकला. मुलगी बधली नाही. तिने सांगितलं, विशेषणं सगळ्यांचीच सारखी असतात, ती कुणी वाचत नाही. तिने काय केलं ते लिहा. तुम्ही डोळ्यांनी पाहिलं तेवढंच लिहा, कारण ते फोन करून विचारतात.

हे मात्र त्याला पटलं. पटलं म्हणजे असं पटलं की त्याने दुसऱ्या कागदावर एकदम रणांगणच उभं केलं. हॉस्पिटलची लिफ्ट दोन मजल्यांमध्ये अडकली, पेशंट खाटेवर ताटकळले, आणि ही वाघीण जिवाची पर्वा न करता डब्याच्या छतावर उतरली! वाचून त्याच्याच अंगावर काटा आला. सकाळी वर्कशॉपात पोचताच त्याने बाईला फोनवर सगळं वाचून दाखवलं, आवाज चढवून, सभेत वाचावं तसं.



ऐकून ती एवढंच म्हणाली की पाठवू नका, मी येते.

आली ती धापा टाकतच. हेल्मेट काढलं नाही, बसली नाही. "भाऊ, तुम्ही माझी नोकरी घालवायला बसलाय का?"

मोर्चाचा पारा चढला. इतकं जीव ओतून लिहिलं आणि वर हे ऐकायचं? आजूबाजूचे मेकॅनिक पाने-हातोडे हातात धरून थांबले. फुकटचा तमाशा कोण सोडतो?

"जिवाची पर्वा न करता, म्हणे," ती म्हणाली. "अहो, तिथे मी पोरांना काय शिकवणार? मरायला? असलं वाचून ते मला दारातूनच परत पाठवतील. आणि खोटं आहे ते. मी जिवाची पर्वा करते. सगळ्यांत आधी तीच करते. आठवा जरा, त्या दिवशी काय झालं."

मोर्चा काहीतरी तिखट बोलणार होता. पण आठवायला लागला.

त्या दिवशी ती आधी छतावर उतरलीच नव्हती. आधी जिने चढून वर मशीनरूममध्ये गेली होती. मेन स्विच बंद केला, त्याला स्वतःचं कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली, लिफ्टची वीज खरंच तुटली आहे का ते तपासलं, मग खाली आली. डॉक्टर ओरडत होते, मॅनेजर ओरडत होता, ही आपली शांत. वर्कशॉपात याच सवयीवरून तिला 'कुलूप' म्हणून चिडवायचे. ती छतावर बसून दरवाजाची तुटलेली वायर बदलत होती, तेवढ्यात हॉस्पिटलचा इलेक्ट्रिशियन, वीज उडाली असेल असं समजून, परस्पर मेन स्विच चालू करायला वर गेला. आणि कुलूप बघून तणतणत खाली आला, की तुमच्या बाईने हे काय लावून ठेवलंय.

"अगं, तो चालू करायला गेला होता," मोर्चा पुटपुटला. मग एकदम टेबलावर थाप मारली. "अगं, हेच तर लिहायचं होतं!"

आता त्याला आवरणं कठीण. त्याने कागद ओढला. बाईला नकोच होतं ते. कुलूप म्हणजे चेष्टा, मंद बाई, घाबरट बाई, हेच तिने इतकी वर्षं ऐकलेलं. मोर्चाने तिला खुर्चीत बसवलं आणि सांगितलं की जिला तुझी खोड म्हणायचे तीच तुझी लायकी आहे, आता गप्प बस. मग तो विचारत गेला, ती सांगत गेली, तो लिहीत गेला.

वृद्धाश्रमाच्या दोन जुन्या लिफ्ट बदलल्या, त्या कामाची प्रमुख तीच होती असं त्याने झोकात लिहिलं. तिने खोडायला लावलं. प्रमुख तुम्ही होता भाऊ, ते विचारतील तेव्हा मी काय सांगू? मग खरं ते आलं: वायरिंग तिचं, आणि खोल्याखोल्यांत जाऊन कुणाला कधी खाली उतरावं लागतं ते विचारून कामाच्या वेळा तिने लावल्या, म्हणून एक लिफ्ट सतत चालू राहिली. भंगारातलं कंट्रोल पॅनल उचलून आणून त्यात मुद्दाम बिघाड करायचे आणि नव्या मुलांना शोधायला लावायचे, ही शक्कलही तिचीच. त्यातले दोघे आज स्वतंत्रपणे काम बघतात.

हॉस्पिटलचा परिच्छेद त्याने तीनदा लिहिला. शेवटी एवढाच उरला: "सर्वांचा दबाव असताना तिने आधी वीज तोडून कुलूप लावले. काम सुरू असताना दुसऱ्याने वीज चालू करण्याचा प्रयत्न केला. कुलपामुळे तो फसला. मी तिथे होतो."

"वाघीण राहू दे ना," तो म्हणाला.

"नको."

दुपारीच पत्र गेलं.

दोन दिवसांनी केंद्राच्या प्रमुख बाईंचा फोन आला. त्यांनी प्रत्येक कामाबद्दल खोदून खोदून विचारलं आणि मग सरळच विचारलं, तिच्यात उणं काय आहे? मोर्चाच्या जिभेवर "काहीच नाही" आलं होतं. ते त्याने गिळलं. म्हणाला, "काम सुरू करायला वेळ लावते. कितीही बोंबला, तपासल्याशिवाय हात घालत नाही. तुम्हाला घाई असेल तर घेऊ नका."

पलीकडची बाई हसली. म्हणाली, "आमची पोरं फार घाईत असतात हो. आम्हाला अशीच हवी आहे."

संध्याकाळी मेकॅनिक बाईचा फोन. तिची निवड झाली होती. पुढच्या महिन्यापासून वर्ग सुरू.

दुसऱ्या दिवशी सकाळी वर्कशॉपातला एक मेकॅनिक डोकं खाजवत केबिनपाशी आला. भाऊ, मलापण एक पत्र द्या की. कष्टाळू, प्रामाणिक, असं कायतरी छान लिहून.

मोर्चाने चष्मा काढला. "कष्टाळू तर गाढवसुद्धा असतं," तो म्हणाला. "बस. तू काय केलंस ते सांग."