मास्तरीणबाईंचा नकार

गाडी शिकवणाऱ्या त्या बाईला सगळे मास्तरीण म्हणत. वय चाळिशीला टेकलेलं, बांधा आटोपशीर आणि जिभेवर खडीसाखर ठेवलेली. दुसरीकडे ओरडा खाऊन रडकुंडीला आलेली माणसं शेवटी तिच्याकडे यायची. शिकणाऱ्यानं चाक फुटपाथवर चढवलं तरी ती म्हणायची, "छान! आता तेवढं खाली उतरवू." काही जणांच्या हाती गाडी देणं म्हणजे माकडाच्या हाती कोलीत, हे पहिल्या दिवशीच तिच्या लक्षात यायचं. पण "तुम्हाला जमणार नाही" हे वाक्य तिच्या तोंडून कधी निघालं नाही. "सध्या जरा थांबू, पुढच्या वेळी बघू," एवढंच. नापास करण्याचं पाप परीक्षकाच्या माथी. ही आपली दोन्हीकडून गोड.

शिकवणीच्या गाडीत तिच्या पायाशीही एक ब्रेक होता आणि त्यावर तिचा पाय कायम अलगद टेकलेला. दिवसभर तिच्या शेजारी कुणी ना कुणी बसलेलं असे, पण तिच्याकडे कुणी बघत नसे. बघू नये, समोर रस्त्याकडे बघावं, हेच तर ती शिकवत होती. संध्याकाळी लाँड्रीवरच्या आपल्या दोन खोल्यांत ती यायची तेव्हा खालून इस्त्रीची गरम वाफ वर येत असे, आणि लोकांचे कपडे तरी कुणीतरी न्यायला येतं, असा एक वेडा विचार तिच्या मनात येऊन जाई. तिला कुणीतरी हवं होतं. हे ती कुणाला सांगत नसे, पण मनातल्या मनात ते झाकतही नसे.

ताईला मात्र न सांगता कळलं. थोरल्या बहिणींना असल्या बाबतीत तिसरा डोळा असतो. ताईनं तिच्या फोनवर ते भेटीगाठींचं ॲप टाकून दिलं, फोटोही स्वतःच निवडला, आणि महिनाभराच्या शोधानंतर एका माणसाला भेटायचं ठरलं. तो कवळ्या बनवायचा. दातांच्या डॉक्टरांकडून माप यायचं आणि हा आपल्या छोट्या वर्कशॉपमध्ये बसून एकेक दात मेणात बसवायचा. ताईनं लगेच नाव ठेवलं, कवळीवाले.

रविवारी दुपारी दोघं कॉफी प्यायला बसले. कवळीवाले बोलके नव्हते, पण ऐकणारे होते. ती गाडी शिकणाऱ्यांच्या गमती सांगत होती आणि तो माणूस तिच्या चेहऱ्याकडे बघत ऐकत होता, खिडकीबाहेर नाही, फोनमध्ये नाही. मध्येच तो म्हणाला, "तुमचा तो पुढचा एक दात किंचित तिरका आहे ना, तो कुणाचं ऐकून सरळ करून घेऊ नका हं."

तिनं चटकन तोंडावर हात नेला. "का बरं?"

"आम्ही कवळी करताना मुद्दाम एखादा दात तसा बसवतो. सगळे सरळ लावले की हसू खोटं दिसतं."

ती हात खाली घेऊन हसली. मग दोघं नदीकाठानं बरंच चालले. निरोप घेताना त्यानं तिचा हात क्षणभर हातात धरला आणि म्हणाला, "मला पुन्हा भेटायला आवडेल. तुमचंही तसंच असेल तर सांगा."

मास्तरीण त्या हाताकडे लक्ष लावून उभी राहिली. आत काहीतरी हलेल, आता हलेल, म्हणून तिनं वाट पाहिली. काही हललं नाही. बाकावर शेजारी बसलेल्या भल्या माणसाबद्दल जेवढं वाटतं तेवढंच वाटलं. घरी आल्यावर ती आरशासमोर उभी राहून हसून बघत राहिली, आणि मग तिला रडू आलं. रडू त्याच्यासाठी नव्हतं. इतक्या वर्षांनी कुणीतरी नीट बघितलं, आणि बघणारा मनाला हवा असलेला माणूस नव्हता, याचं होतं.

सोमवारी सकाळीच त्याचा मेसेज आला. "कालची दुपार फार छान गेली. येत्या रविवारी भेटायचं?"

तिनं ताईला फोन लावला. ताई म्हणाली, "मग भेट की! काय बिघडतं? सहवासानं दगडालाही पाझर फुटतो."

"ताई, मी शोधलं गं मनात. कोपरे झाडून शोधलं. नाही सापडलं. पुन्हा गेले तर त्याला वाटेल, जमतंय."

"बरं बाई. पण तोंडावर नाही म्हणू नकोस त्या बिचाऱ्याला. कामात आहे म्हण. माणसाला आपोआप कळतं."

'आपोआप' हा शब्द मास्तरणीला फार सोयीचा वाटला. शिकवणीतली भाषा तर तोंडात तयारच होती. तिनं लिहिलं, "मलाही खूप छान वाटलं! सध्या नवीन बॅचची फार गडबड आहे हो. जरा मोकळी झाले की बघू." शेवटी एक हसरा चेहरा चिकटवला आणि सुटले एकदाची म्हणून चहा टाकला.

चहा उकळायच्या आत उत्तर आलं. "काही घाई नाही. बॅच होऊ द्या. मी थांबतो."

आता खरं सांगायचं तर इथंच तिनं चूक सुधारायला हवी होती. पण 'मी थांबतो' हे शब्द तिनं दोनदा वाचले, आणि तिला ते आवडले. आपल्यासाठी कुणीतरी थांबलंय! दिवसभर गाडीत बसल्या बसल्या तिला त्याची ऊब वाटे. मधूनच त्याचा मेसेज येई, "कशी आहे बॅच? कुणी खांबाला धडकलं का?" आणि ती एक हसरा चेहरा पाठवून देई. तिला तो नको होता, त्याचं थांबणं तेवढं हवं होतं. आपण करतोय ते बरं नाही, हे तिला उमगत होतं, पण रात्रीची खोली तेवढीच कमी रिकामी वाटत होती.

एका सकाळी हॉस्पिटलातली एक नर्स गाडी चालवत होती. चौकाच्या अलीकडे तिनं वेग कमी केला. कडेला दोन्ही हातांत पिशव्या घेतलेल्या एक आजी रस्ता ओलांडायच्या बेतात होत्या. मास्तरणीनं शेजारून हात वर केला, सवयीनं, हलकाच, जरा जा म्हणणारा आणि जरा थांबा म्हणणारा. आजींनी पाऊल पुढे टाकलं. नर्सला वाटलं, बाईंनी त्यांना थांबवलंय, म्हणून तिनं क्लच सोडला. मास्तरणीनं आपला ब्रेक करकचून दाबला. गाडी आजींच्या पिशवीला जेमतेम टेकून उभी राहिली.

आजींना लागलं काहीच नाही, पण त्या भडकल्या. बॉनेटवर थाप मारून म्हणाल्या, "अगं बाई, जा म्हणतेस की थांब म्हणतेस? एक काय ते धड सांग! तुझ्या या गोड हातामुळे मी मेले असते ना!"

"चुकलं आजी. माझंच चुकलं," मास्तरीण म्हणाली. नर्सला धीर देऊन तिनं शिकवणी संपवली, पण आजींचं बोलणं तिच्या स्वतःच्या मनाला चांगलंच झोंबलं होतं. नदीकाठानं चाललेला तो माणूस आठवला. त्यालाही तिनं असाच हात दाखवून रस्त्याच्या मधोमध उभं केलं होतं.

दुपारी ती गाडी सावलीला लावून मेसेज लिहायला बसली. पहिल्या खेपेला भलामोठा झाला. एवढं कौतुक होतं की वाचणाऱ्याला वाटावं लग्न ठरलं, आणि नकार पार तळाशी, गाळासारखा. तो पुसला. दुसऱ्या खेपेला तिनं कारणं दिली, आपले स्वभाव वेगळे, वेळा जुळत नाहीत. मग तिच्याच लक्षात आलं की कारण दिलं की माणूस ते दूर करायला धावतो. वेळा जुळत नाहीत म्हणावं, तर तो बिचारा वेळ बदलेल. तेही पुसलं. 'आपण मित्र राहू' लिहिलं आणि स्वतःला विचारलं, हे कुणासाठी? त्याच्यासाठी तर नक्कीच नव्हतं. तिला त्याचे मेसेज हवे होते, म्हणून होतं. ते खोडताना हात जड झाला. 'कदाचित' गेला, 'सध्या' गेला, 'पुढे कधी' गेला. आरशासमोर हसल्याचं एक वाक्य होतं, ते खरं होतं आणि तिला फार आवडलं होतं. पण ते वाचून कुणीही पुन्हा दार ठोठावलं असतं. तेही गेलं. शेवटी प्रश्नचिन्ह तर नाही ना राहिलं, तेवढं पाहिलं. प्रश्न विचारला की उत्तर मागितल्यासारखं होतं.

तो कामात असताना, हात मेणात असताना हे पोचायला नको, म्हणून वर्कशॉप बंद व्हायची वेळ होईपर्यंत ती थांबली. मग पाठवलं.

"नमस्कार. त्या रविवारची दुपार मला मनापासून आवडली. तुम्ही माझ्या तिरक्या दाताबद्दल जे बोललात ते लक्षात राहील. पण तुमच्याबद्दल माझ्या मनात जोडीदार म्हणून ओढ नाही, आणि पुढेही ती निर्माण होणार नाही. त्यामुळे आपण पुन्हा भेटायला नको. कामाची गडबड हे खरं कारण नव्हतं. तुम्हाला उगाच थांबायला लावलं, त्याबद्दल माफी मागते. माझ्यासाठी थांबू नका. तुम्हाला शुभेच्छा."

ताईला वाचून दाखवलं तर ती म्हणाली, "अगं, किती कोरडं! शेवटी एखादा गोड शब्द तरी टाकायचास."

"गोडच तर काढून टाकलं ताई. त्यानंच घोळ झाला होता."

त्याचं उत्तर बऱ्याच वेळानं आलं. "वाचलं. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण सांगितलंत ते बरं केलंत. रोज काम आटपलं की आधी फोन बघायचो. आता नाही बघणार. सुखी राहा."

'तुम्ही फार चांगले आहात' असं तिनं भराभरा टाइप केलं. बोट बटणापर्यंत गेलं. हे पाठवलं की तो काहीतरी लिहील, मग आपण काहीतरी लिहू, आणि तो माणूस पुन्हा रस्त्याच्या मधोमध येऊन उभा राहील. तिनं एकेक अक्षर पुसलं आणि फोन पालथा ठेवला.

त्यानंतर शिकवणी तशीच चालू राहिली. नर्स पास झाली. संध्याकाळी मास्तरीण जिना चढून वर येते, दार लोटते, आणि चपला काढायच्या आधी फोन बघते. काही आलेलं नसतं. येणार नाही, याची तिनं स्वतःच नीट काळजी घेतली आहे. तरी हातपाय धुऊन झाले की ती पुन्हा एकदा बघते.