शेअरमागे पाच पैसे

पतसंस्थेचं शटर खाली आलं तेव्हा आक्काचे, माझ्या थोरल्या बहिणीचे, ठेवीतले पैसे मी भांडून काढले होते. सगळे नाही, अठ्ठ्याऐंशी हजार. बाकीचे ठेवीदार अर्ज लिहीत बसले आणि मी मॅनेजरच्या घरासमोर सतरंजी टाकून आरडाओरडा केला. त्यामुळे माझ्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली, की आवाज चढवला की पैसा सुटतो. कापसाच्या धंद्यातही मी तसाच वर आलो. गेवराईत दुसऱ्याच्या काट्यावर पोती उचलत होतो, तिथून स्वतःचा काटा लावला, आणि आजवर कोणाला बोललेल्या भावाच्या वर एक पैसा दिला नाही.

ते अठ्ठ्याऐंशी हजार परत कुठल्याही संस्थेत ठेवायला आक्का तयार नव्हती. मीच तिला शेअर घ्यायला लावले. बीडमध्ये कोचिंग क्लासच्या वरच्या मजल्यावर माझ्या एका शाळासोबत्याचं शेअरदलालीचं ऑफिस होतं. फळवाल्यांच्या घरातला माणूस, माझ्याइतकाच घासाघीस करणारा. शेकडा पन्नास पैसे दलाली मागत होता. मी पंचवीसवर आणली. आक्काच्या नावानं खातं उघडलं, एकाच कंपनीचे चार हजार शेअर बावीस रुपयांनी घेतले. त्या वेळची कॉन्ट्रॅक्ट नोट, म्हणजे दलालाकडून येणारं व्यवहाराचं बिल, मी तपासली होती. शेअरमागे साडेपाच पैसे दलाली, म्हणजे बरोबर शेकडा पंचवीस पैसे. मी खूश झालो.

मग पाऊस गेला. आक्काच्या गावी, शिरूरकडच्या माळावर, गवताची काडी उरली नाही. आक्काच्या दावणीला चार गाई, दूध डेअरीला जायचं, आणि डेअरीचं बिल दोन-दोन हप्ते थकायचं. उसाच्या वाढ्याचा, म्हणजे हिरव्या शेंड्यांचा, ट्रक आला की गावात झुंबड उडे. आक्कानं एका ट्रकवाल्याशी उन्हाळाभराचा चारा ठरवला. तो म्हणाला, निम्मे आता, निम्मे चार दिवसांत, नाहीतर गाडी दुसऱ्या गावाला. पैशाची सोय एकच होती, ते शेअर. भाव पडून चौदावर आला होता. तरी विकायचं ठरलं.

त्या शेअरला गिऱ्हाईक कमी. पहिल्या दिवशी दोनच हजार गेले, उरलेल्यांची ऑर्डर बाजार बंद होताना रद्द झाली. दुसऱ्या दिवशी पुन्हा टाकायची होती. संध्याकाळी आक्कानं नोटेचा स्क्रीनशॉट मला पाठवला आणि पाठोपाठ फोन.

"बघ रं, बरुबर हाय का? मला तर नुसत्या मुंग्या दिसत्यात."

मी दुकानात कॅल्क्युलेटर घेऊन बसलो. दोन हजार शेअर, चौदा रुपये, अठ्ठावीस हजार. एसटीटी, म्हणजे व्यवहारावरचा सरकारी कर, हजारी एक रुपया, अठ्ठावीस, बरोबर. स्टॅम्प ड्युटी नाही, ती विकणाऱ्याला लागतच नाही, तेही बरोबर. एक्सचेंजचा आकार आणि सेबीची फी मिळून रुपयाच्या आसपास. जीएसटी अठरा टक्के, तो दलाली आणि या दोन आकारांवर, अठरा रुपये आणि वर थोडे पैसे. सगळं वजा जाऊन निव्वळ देणं सत्तावीस हजार आठशे बावन्न आणि काही पैसे. बेरीज-वजाबाकी चोख होती.

पण दलाली शंभर रुपये होती. शेकडा पंचवीसनं ती सत्तर व्हायला हवी. मी स्क्रीनशॉट मोठा करून पाहिला. भाव चौदा, शेअरमागे दलाली पाच पैसे, निव्वळ भाव तेरा पंच्याण्णव. तीस रुपये जास्त आणि त्यावरचा जीएसटी, एकूण पस्तीस रुपये चाळीस पैसे.

माझं डोकं फिरलं. लगेच त्या शाळासोबत्याला फोन लावला.

"काय बे, आक्काला लुटतोस का?"

"सलाम नाही, दुआ नाही," तो हसला. "काय झालं?"

मी आकडे सांगितले. तो शांतपणे म्हणाला, "शेकडा पंचवीस, नाहीतर शेअरमागे कमीत कमी पाच पैसे. जे जास्त असेल ते. खात्याच्या फॉर्मात लिहिलंय. बावीसच्या भावात पंचवीसनंच साडेपाच पैसे होत होते, म्हणून तुला दिसलं नाही. वीसच्या खाली आला की कमीत कमीचा दर लागतो."

"तोंडानं बोललास का तू हे?"

"तू बोलू दिलंस का, यार? पन्नास-पंचवीस करत बसला होतास."

"पस्तीस रुपये परत टाक. त्याशिवाय पुढची ऑर्डर नाही."

"वर कंपनीला विचारावं लागेल, दोन-तीन दिवस लागतील. तोवर आक्काचे शेअर विकून घे ना बाबा. हा शेअर भरवशाचा नाही."

मला वाटलं, दलाली सुटू नये म्हणून घाबरवतोय. शेतकऱ्याकडून भाव पाडून घेताना मीही असंच बोलतो. मी आक्काला सांगितलं, "उद्या ऑर्डर द्यायची नाही. खातं तुझं, तू नाही म्हटलंस की त्याला हात लावता येत नाही. जरा ताणू."

"अरं पण ट्रकवाला?"

"दोन दिवसानं काय होतंय?"

"पस्तीस रुपयांसाठी कावून ताणायचं? चहाला जात्यात तेवढे."

"आज पस्तीस, उद्या साडेतीनशे. मला शिकवू नको, आक्का."

तिनं ऑर्डर दिली नाही. पतसंस्थेचे पैसे मी काढून दिले होते, त्यामुळे पैशाच्या बाबतीत माझ्यापुढे ती बोलत नसे.

दुसऱ्याच दिवशी त्या कंपनीचा तोट्याचा निकाल आला. सकाळीच पाच टक्क्यांचं खालचं सर्किट लागलं, म्हणजे दिवसाच्या घसरणीची मर्यादा गाठली. विकणारे हजार, घेणारा एक नाही. मग मीच घाईघाईनं ऑर्डर टाकायला लावली, पण ती रांगेत तशीच पडून राहिली. तिसऱ्या दिवशी तेच, चौथ्या दिवशी तेच. पाचव्या दिवशी मित्राचा मेसेज आला, पस्तीस रुपये चाळीस पैसे आक्काच्या खात्यात जमा केले, लेजर बघ. त्याच दिवशी ट्रकवाल्यानं आक्काला सांगितलं की तिच्या अर्ध्या पैशांत अर्धाच चारा मिळेल.

अर्ध्या चाऱ्यात दोनच गाई निभणार होत्या. उरलेल्या दोन तिनं बाजारात नेल्या. दुष्काळात सगळेच विकायला आलेले, त्यामुळे भाव म्हणजे मातीमोल. एक तर गाभण होती. मी म्हणालो, मी येतो, भाव मी करतो. ती म्हणाली, "तू नगं येऊ. तू भाव करशील आन् गिऱ्हाईक जाईल."

आजही मी म्हणतो की ते पस्तीस रुपये आमचे होते. बोलीत पाच पैशांची अट नव्हती, आणि फॉर्मातल्या बारीक अक्षरांवर माणूस फसवायचा नसतो. हे मी मित्राला तोंडावर सांगितलं आहे, पुन्हा सांगेन. पण नोटेतला प्रत्येक आकडा तपासताना त्या दोन हजार शेअरांचा हिशेब मी केला नाही, जे नोटेत नव्हतेच, विकायचे राहिले होते. डोळ्यांसमोर गाभण गाय यायला हवी होती, आणि माझ्यासमोर दलालीचा रकाना होता.

पावसाळ्यात बीडला गेलो तेव्हा मित्राच्या ऑफिसात डोकावलो. त्यानं चहा मागवला. बोलता बोलता म्हणाला, "तुझी आक्का येऊन गेली. उरलेले दोन हजार शेअर नऊ रुपयांनी विकले."

"मला नोट नाही पाठवली तिनं."

"मी विचारलं, भावाला पाठवू का? नको म्हणाली." त्यानं चहाचा कप माझ्याकडे सरकवला. "दलालीही विचारली नाही. निव्वळ किती येतील तेवढंच विचारलं, आणि ते मी आधीच कागदावर लिहून दिलं."

मी चहा संपवला आणि खाली उतरलो. फोन काढून आक्काचा नंबर लावला, आणि तिनं उचलायच्या आत बंद केला.