चार सुताचा बोल्ट

लातूरच्या आमच्या हार्डवेअरच्या दुकानात मोजपट्टी होती, पण ती गिऱ्हाइकांसाठी. अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, ती लागायची नाही. बोल्ट बोटांत फिरवायचे आणि माप सांगायचे. भूकंपानंतर गावोगावी पत्र्याच्या शेडी उभ्या राहत होत्या, वीज नव्हती, तेव्हा अर्ध्या अंधारात अण्णांनी नुसत्या हातानं माल दिला, असं बाजारात अजून सांगतात. सांगणारा दरवर्षी अंधार थोडा वाढवतो.

पुढे शहरात क्लासेस वाढले, मागोमाग होस्टेलं आली आणि आमचा माल खाटा, कपाटं, पंख्यांकडे वळला. मग होस्टेलवाले मोबाइलवरच सामान मागवू लागले. मी हट्टानं दुकान ऑनलाइन चढवायला घेतलं. अण्णा गल्ल्यावर बसून माल सांगायचे, मी टाइप करायचो. "चार सूत, अडीच इंची," ते म्हणाले. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, चार सूत म्हणजे अर्धा इंच. पण बाजारात बारा मिलिमीटरलाही बिनदिक्कत चार सूतच म्हणतात. मीही लिहून मोकळा झालो: चार सूत, १२ मिमी, नटासकट. फोटो छान आला होता, याचंच मला कौतुक.

पहिली मोठी ऑर्डर नांदेडहून आली, मुलींच्या होस्टेलच्या दुमजली खाटांसाठी. पुड्या अण्णांनी हौसेनं स्वतः भरल्या. आठवड्यानं होस्टेलच्या मालकांचा फोन आला.

"भाऊ, नट जरा चढतो आन् जोर दिला की नुसता फिरून राहिलाय. वरच्या खाटा हलून राहिल्या."

"वर कुणाला झोपू देऊ नका," एवढंच कसंबसं म्हणालो आणि नमुना परत मागवला.

नमुना आला, तोवर मी डिजिटल व्हर्नियर आणि आटे मोजायच्या पट्ट्यांचा पीच गेज आणला होता. बोल्टची जाडी भरली ११.८. नवा बारा मिलिमीटरचा बोल्ट किंचित कमीच भरतो, म्हणजे तो बरोबर होता. गेजची १.७५ ची पट्टी त्याच्या आट्यांत चपखल बसली. नट मात्र त्याचा नव्हता. अर्ध्या इंचाचा, इंचात बारा आट्यांचा बोल्ट घेतला, तर त्यावर तो नट शेवटपर्यंत सुळकन गेला. बारीक बोल्टवर मोठा नट. थोडा चढतो, पकडल्यासारखा वाटतो आणि भार आला की आटे खातो. दोन्हींना पान्हा एकोणीसचाच लागतो, त्यामुळे बसवणाऱ्यालाही शंका आली नाही.

"भरताना बघितलं नाही का, अण्णा?" मी चढ्या आवाजात विचारलं.

"बघायचं काय त्याच्यात? हाताला कळतं."

"कळलं नाही ना पण."

अण्णांनी काउंटरवर दोन बोल्ट ठेवायला लावले, एक बारा मिलिमीटरचा, एक अर्ध्या इंचाचा. डोळे मिटले. एक उचलून बराच वेळ अंगठ्याखाली फिरवत राहिले. इतका वेळ त्यांना कधीच लागत नसे.

"ह्यो अर्धा इंच," ते म्हणाले.

तो बारा मिलिमीटरचा होता. डोळे उघडल्यावर त्यांनी माझ्याकडेच पाहिलं. वर्षभर त्यांच्या पायातली चप्पल चालता चालता मागे राहायची आणि त्यांना पत्ता नसायचा. मी त्यांना वेंधळे म्हणून चिडवायचो. अण्णांच्या रक्तात साखर आहे हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. तिनं पायांसारखीच हाताची बोटंही बधिर केलीत हे आत्ता कळलं.

"किती दिवसांपासून?"

"लई दिस झाले. सांगितलं असतं तर तू गल्ल्यावरून बी उठवलं असतं."

नांदेडला मी स्वतः जाऊन प्रत्येक खाटेचा नट बदलला. परत आल्यावर अण्णांसाठी डॉक्टरांची वेळ घेतली आणि सगळा माल नव्यानं मोजायला बसलो. अण्णा शेजारी बसून पुड्या सोडत होते. मी लिहिलेलं मोठ्यानं वाचून दाखवलं: "षटकोनी बोल्ट, एम १२, पीच १.७५, डोक्याखालून लांबी ६५ मिमी, ग्रेड ८.८, झिंक चढवलेला, पान्हा १९. सोबत एम १२ चाच नट. अर्ध्या इंचाचा नट याला चालत नाही. माप व्हर्नियरनं घेतलेलं."

अण्णांनी मान हलवली. हातातला बोल्ट अंगठ्याखाली उगाच फिरवत राहिले.

"अजून एक लिही," ते म्हणाले. "हातानं मोजलेलं न्हाई."

मी कीबोर्डवर बोटं ठेवली. तेवढं मात्र लिहिलं नाही.