प्रत्येक नावाला थांबणारे गुरुजी

मतदार यादीत तुमचं नाव आहे, हे तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय का?

ताडकळसजवळच्या आमच्या गावात लिंबाजी गुरुजी हा प्रश्न प्रत्येक तरुणाला विचारत. गेरूने भिंतींवर लिहीत: ‘एकवीस पुरी झाली? यादीत नाव बघ.’ ‘मत कुणाला, ते तुझं तू ठरव. पण दे.’ कच्ची यादी चावडीवर लागली की भर दुपारी ती मोठ्याने वाचत. प्रत्येक नावाला थांबत, गावाने स्मशानात पोचवलेल्यांच्या नावालाही. त्या थांबण्याने अंगावर काटा यायचा. कुणी हसलं तर म्हणत, “नाव म्हंजी माणूस हाय. थांबावं लागतं.”

आणीबाणी उठल्यानंतरची यादी. मला एकवीस पुरी झाली होती. आमच्या घराचा नंबर आला. माझं नाव नव्हतं. गुरुजींनी वाचलं, “सुशीला.” ही माझी मोठी बहीण. तिला जाऊन चार वर्षं झाली होती.

गुरुजी थांबले. बायकांतून आवाज आला, “हाय.”

आई बोलली होती. आईची नजर दाराकडे होती, कुणी आत येत असल्यासारखी.

नावं लिहायला आलेल्या माणसाने “मोठी लेक?” विचारलं, तेव्हाही ती सुशीलाच म्हणाली होती. मी तेव्हा परभणीला शिकायला होते, म्हणून माझं नाव राहून गेलं.

“कमळे, बहिणीच्या नावावरच टाक की मत,” कोतवालकाका म्हणाले. “कोण बघायलंय?”

“काका, मी जित्ती हाय!” मी ओरडले.

गुरुजी संध्याकाळी अर्जाचे कागद घेऊन घरी आले. माझ्या नावासाठी नमुना सहा, सुशीलाचं नाव काढायला नमुना सात. हरकत घेणारा स्वतः यादीत असावा लागतो. ते स्वतः सही करू शकत होते, पण त्यांनी सातचा कागद आईपुढे ठेवला.

“मी तिला पुसू?” आई म्हणाली. “कागदावर तरी हाय ती.”

“माय, आपण न्हाई पुसलं, तर मतदानाच्या दिवशी कुणी तरी सुशीला होऊन येईल. चालंल का? अन् ही कमळ, जित्ती असून कुठंच न्हाई.”

आईने बराच वेळ अंगठा शाईवर धरला. मग उमटवला. मुदत संपायला दोन दिवस होते. तहसीलच्या सुनावणीला साहेबांनी विचारलं, “सुशीला मयत?” आईने पहिल्यांदा ते तोंडाने म्हटलं, “व्हय.”

मतदानाच्या दिवशी माझ्या डाव्या तर्जनीवर शाई लागली. घरी आईने ते बोट हातात घेतलं आणि खूप वेळ सोडलं नाही.

गुरुजी गेल्या वर्षी गेले. यंदाची, १९८४ची यादी चावडीवर मी वाचली. त्यात त्यांचं नाव होतं. मी थांबले. इतकी शांतता, की मागून “हाय” येईल असं वाटलं. मान वळवायचं धाडस झालं नाही. वाचून झाल्यावर नमुना सात मागितला आणि हरकतदार म्हणून माझं नाव लिहिलं.

एकवीस पुरी झालेल्यांनो, मुदत आहे तोवर आजच चावडीवर जा. आपल्या घराची नावं मोठ्याने वाचा. प्रत्येक नावाला थांबा. आणि तुमच्या नावाला “हाय” तुम्हीच म्हणा.