मान हलवलेली ऐकू येत नाही

पुण्यात मला सावरलं ते एका बाईंनी. कंपनीत बैठकांचं इतिवृत्त लिहायचं काम त्यांच्याकडे होतं.

वारज्यातल्या त्या कंपनीच्या कँटीनमध्ये मी पोळ्या लाटायचे. गाव किनवटच्या पलीकडं, शाळा सातवीत सुटलेली, राहायची खोली कँटीनच्या कंत्राटदाराची. भात शिजवायच्या वाफेच्या भांड्याचा व्हॉल्व्ह बिघडला होता. त्याला सांगून सांगून थकलो, बदलला नाही, आणि माझ्या मैत्रिणीचा हात भाजला. चौकशी समितीनं मला बोलावलं. खरं बोलावं तर खोली जाणार, गप्प बसावं तर चूक तिची ठरणार.

काचेची खोली होती, गार. माणसं बोलत होती ते पाण्याखालून यावं तसं ऐकू येत होतं. आपण इथं नाहीच, गावी ओट्यावर पडलोय, असं काहीतरी वाटत राहिलं.

समितीतल्या एका साहेबांनी खिशातून फोन काढला. "रेकॉर्ड करतो हं. हरकत नाही ना?"

मी मान हलवली.

"थांबा," बाई म्हणाल्या. "तुमच्या फोनवर नको. ऑफिसचा रेकॉर्डर आहे. आणि आधी मला त्यांना सगळं सांगू द्या."

"अहो, दहा मिनिटांची बैठक, त्यात परवानगीचाच सोहळा?"

"मग वीस मिनिटं धरा."

रेकॉर्डर बंदच ठेवून त्या माझ्याकडं वळल्या आणि सांगू लागल्या. आवाज कशाला हवा, तर मी बोलले तेच लिहिलं का हे पडताळायला. फाइल कुलपात, उघडणार फक्त त्या आणि समितीचे अध्यक्ष. अहवाल मंजूर झाला, त्यावर दाद मागायची मुदत संपली, की पुसायची. नको म्हणालात तर नुसतं लिहून घेऊ, वाचून दाखवू.

"कंत्राटदार ऐकंल का, मॅडम?"

"आवाज नाही. अहवालात तुमचं नाव नसेल. पण स्वयंपाकघरात तुम्ही मोजक्याच, तो ओळखेल. हे मी तुमच्यापासून लपवत नाही."

ते ऐकून भीती गेली नाही, पण पाण्याखालून वर आल्यासारखं झालं. लिहिलेलं बदललं तर मला कळायचं नाही, आवाज तरी माझाच राहील.

त्यांनी रेकॉर्डर सुरू केला. तारीख, हजर असलेल्यांची नावं, मघाचं सगळं पुन्हा सांगितलं, प्रत्येकाला विचारलं. साहेबही "हो" म्हणाले. मी परत मान हलवली.

"मान यात ऐकू येत नाही. हो असो, नको असो, तोंडानं."

"हो," मी म्हणाले. मग व्हॉल्व्हचं सगळं सांगितलं.

मैत्रिणीवरचा ठपका टळला. माझी खोली मात्र गेली. आता येरवड्यात तिच्याकडंच राहते. पुढं कधीतरी बाईंचा फोन आला, "आज फाइल पुसली. म्हटलं, तुम्हाला कळवावं." असं कोण कळवतं?

त्यांचे उपकार मी ठेवून घेणार नाही. एक ना एक दिवस फेडीन.