अराबाची भट्टीवरची तालीम

अराबा ओत्सिवा भट्टीच्या धुरावर मासे धुरवायची. धुरवायची म्हणजे कशी? आमच्या किनाऱ्यावर तिच्या हातचा हेरिंग मासा ओळखून मागत. पण बोलणं? शून्य. गिऱ्हाईक आलं की ही खाली मान घालून लाकडं सारत बसणार आणि आतून तिची लेक एकुआ ओरडत येणार, "काय हवंय? आईला काय विचारताय, मला विचारा!" बाजारात एकुआ, दवाखान्यात एकुआ, चर्चच्या बायकांत भांडण झालं तरी पदर खोचून एकुआच. अराबाला लहानपणी बोलताना अडखळायला व्हायचं, पोरं चिडवायची, तेव्हापासून तिनं तोंडाला जे कुलूप घातलं ते लेक मोठी झाल्यावर उघडायची गरजच उरली नाही.

आणि ती लेक नाताळच्या आधी तापानं गेली. बत्तीस वर्षांची, धडधाकट. जिल्ह्याच्या इस्पितळात नेली, आणि तिथल्याच शवागारात ठेवली.

आमच्यात मेलेलं माणूस आईचं नसतं, घराण्याचं असतं. कधी पुरायचं ते घराण्याचे थोरले ठरवणार. थोरले म्हणजे नाना एसिलफी, अराबाच्या आईचे भाऊ. त्यांनी सांगून टाकलं, की एकुआचा मामा इटलीहून येईल, घराला रंग द्यायचाय, मंडप नीट हवा, तेव्हा ईस्टरनंतर बघू. चार महिने! सगळ्यांनी माना डोलावल्या. यात नवल काही नाही, आमच्याकडे माणसं सहा-सहा महिने बर्फात पडून असतात, आणि मिरवायची हौस भागली की मग मातीत जातात. मेलं ते दिखाव्याचं वेड!

अराबाला ते सहन होईना. हार्मटानचा कोरडा वारा सुटला, की एकुआ सकाळी दोन भट्ट्यांच्या मधे पाय पोटाशी घेऊन बसायची आणि म्हणायची, मला हलवू नका, मी हेरिंग आहे. एवढी थंडीला भ्यायची पोर. आणि आता ती शवागाराच्या त्या लोखंडी खणात. अराबाला रात्रीचं जेवण जाईना. आपल्याला नानांपुढे उभं राहून मागायला हवं, हे तिला कळत होतं. पण कोण बोलणार? बोलणारी तर खणात होती.

शेजारच्या भट्टीवाल्या एसी क्वान्सिमाला सगळे नुसतं क्वान्सिमा म्हणत. जिभेला धार. तिनं बघितलं, की अराबा मासे पसरता पसरता ओठ हलवतेय.

"काय गं, माशांना प्रार्थना शिकवतेस का?"

"नानांशी बोलतेय," अराबा म्हणाली. "मनात."

"मनात बोलायला काय जातंय! मनात मी रोज नवऱ्याला घराबाहेर काढते. मोठ्यानं बोल बघू."

अराबानं तोंड उघडलं आणि "नाना, मी" एवढ्यावर दातखीळ बसली. मनात सुरळीत चाललेलं सगळं गळ्यापाशी येऊन अडकलं. क्वान्सिमा हसली नाही. म्हणाली, "बघितलंस? मनात जे गुळगुळीत असतं ना, ते जिभेवर आलं की खडबडीत होतं. आधी भट्टीशी बोल. भट्टी कुणाला सांगत नाही."

मग सुरू झालं. सकाळी लाकडं रचताना अराबा भट्टीला म्हणायची, "नाना, तुम्हाला माझा राम..." छे, तसं कुठलं! आमच्यात आधी शांतता सांगतात. कितीही वाईट काम घेऊन आलेलं असो, पाणी पिऊन झालं की म्हणायचं, "इथं सगळं शांत आहे," आणि मग काम. (मी सांगताना माझीच जीभ वळते तुमच्याकडे.) तर ती म्हणायची, "इथं सगळं शांत आहे, नाना. मी माझ्या एकुआसाठी आलेय." धूर डोळ्यांत गेला की रडायला निमित्त मिळायचं. अख्खं भाषण तिनं पाठ केलं, चर्चमधल्या प्रार्थनेसारखं, न थांबता. भट्टीपुढे घडघडा म्हणून दाखवायची. येणारी-जाणारी म्हणायची, लेकीच्या दुःखानं बाईचं डोकं फिरलं. क्वान्सिमा त्यांना म्हणायची, "तुमचं फिरलं तरी कळायचं नाही, आधीच रिकामं आहे."

जानेवारीत मंगळवारी घराण्याची बैठक भरली. मंगळवारी समुद्रावर कुणी जात नाही, म्हणून पुरुष घरी असतात. अराबानं रीतीप्रमाणे दारूची बाटली पुढे ठेवली, चपला काढल्या, खांद्यावरचं कापड उतरवलं, उभी राहिली.

पण एक गोष्ट भट्टीपुढे तिच्या लक्षातच आली नव्हती. थोरल्यांशी थेट बोलत नाहीत. मधे ओचामे असतो. तो थोरल्यांचा मुखवक्ता. तुम्ही त्याला सांगायचं, तो तुमचं प्रत्येक वाक्य वळणदार करून नानांना सांगणार, नानांचं तुम्हाला. ओचामे होता एग्या ब्रू, गोड गळ्याचा म्हातारा. अराबा नानांकडे बघून सुरू झाली, तर बसलेली माणसं कुजबुजली. ती दचकून एग्या ब्रूकडे वळली. "इथं सगळं शांत आहे." एग्या ब्रूनं ते असं काही खुलवून सांगितलं, की शांतताही लाजली असती. "मी एकुआसाठी आलेय." त्यावर त्यानं आईच्या मायेवर लांबलचक काहीतरी म्हटलं. आणि तो थांबला तेव्हा अराबाच्या डोक्यात पुढचं वाक्य नव्हतं. घडघडा पाठ केलेलं होतं ना, मधे तोडल्यावर धागाच सापडेना. सगळे बघतायत. तिनं चपला उचलल्या आणि ती बसली.

नाना म्हणाले, "पोरीला दुःख झालंय. तिला पाणी द्या." झालं, विषय संपला.

भट्टीपाशी परत आल्यावर ती इतकी रडली, की क्वान्सिमानं तिचे मासे उलटले नसते तर जळून कोळसा झाले असते.

"मी माझ्या पोरीला तिथंच ठेवून आले गं," ती म्हणत राहिली.

"चूक माझी आहे," क्वान्सिमा म्हणाली. "मी भट्टी दिली तुला, ओचामे नाही दिला. आता मी ओचामे. पाठ काहीही करायचं नाही. पहिलं वाक्य पक्कं, आणि पुढचे तीन मुद्दे. शब्द रोज वेगळे आले तरी चालतील."

मग रोज दुपारी मासे गार व्हायला ठेवले की दोघी समोरासमोर. अराबा एक वाक्य बोलायची, क्वान्सिमा एग्या ब्रूसारखा गोड आवाज काढून ते पाल्हाळ लावत सांगायची. आधी अराबा गोंधळायची. मग एक दिवस तिला कळलं, की ओचामे बोलतो तेवढा वेळ आपलाच असतो. त्या वेळात श्वास घ्यायचा आणि स्वतःलाच नावानं हाक मारायची. "अराबा, घाई नको. अराबा, आता घराच्या रंगाचं." "मी कसं बोलू" असं म्हटलं की मुद्दाच निसटायचा. "अराबा, बोल" म्हटलं की दुसऱ्याच कुणाला धीर दिल्यासारखं वाटायचं, आणि दुसऱ्याला धीर देणं तिला जमत होतं.

क्वान्सिमा नाना पण व्हायची. भुवया चढवून आडवं लावायची. "घाईनं पुरली तर लोक म्हणतील वाईट रोग होता!" "इटलीचा मामा रुसेल!" अराबा उत्तर शोधायची, अडखळायची, परत पहिल्यापासून. अडखळली तर थांबून तोच शब्द पुन्हा म्हणायचा, माफी मागायची नाही, हेही ती शिकली. हळूहळू ती बाजारात भाव सांगू लागली. एका गिऱ्हाइकाला तर तिनं चक्क "मग नका घेऊ" म्हटलं. क्वान्सिमानं टाळ्या वाजवल्या, आणि अराबा हसली, आणि हसल्याबद्दल लगेच ओशाळली. पोर थंडीत आणि आपण हसतोय.

फेब्रुवारीच्या शेवटी पुन्हा मंगळवार, पुन्हा बाटली.

या वेळी ती एग्या ब्रूकडे तोंड करून उभी राहिली. "इथं सगळं शांत आहे." तो बोलला. तिनं श्वास घेतला. मामाचा फोन आला होता, त्याला ईस्टरलाही सुट्टीची खात्री नाही, हे सांगितलं. घराचा रंग एकुआनं कधी बघितला नसता, ती घरात टिकायचीच नाही, हे सांगितलं. दोन बायका हसल्या आणि डोळे पुसू लागल्या. मधे एकदा शब्द अडला. ती थांबली, तोच शब्द पुन्हा म्हणाली. लोक काय म्हणतील याचंही उत्तर दिलं. "दहा महिन्यांनी पुरली तरी म्हणणारे म्हणतीलच." मग शेवटचा मुद्दा. "तिला थंडी सोसत नाही."

नाना एसिलफी पुढे झुकले आणि ओचामेला बाजूला ठेवून थेट बोलले. "अराबा, मेलेल्या माणसाला थंडी वाजत नाही."

हे वाक्य क्वान्सिमानं तालमीत कधी घेतलंच नव्हतं. तिच्या मनात आलं होतं, पण तोंडातून काढवलं नाही. दारापाशी बसलेली क्वान्सिमा अर्धवट उठली.

अराबानंही आजवर "मेली" हा शब्द भट्टीपुढेसुद्धा उच्चारला नव्हता. आता तो नानांनी मधे आणून ठेवला होता. ती एग्या ब्रूकडेच बघत राहिली, आणि सावकाश म्हणाली, "एग्या, नानांना सांगा. माझी एकुआ मेलीय. तिला नाही वाजत. मला वाजते."

एग्या ब्रूनं तोंड उघडलं. या वेळी त्याला काही खुलवता आलं नाही. तो म्हणाला, "नाना, तिची मुलगी मेलीय. आईला थंडी वाजतेय." आणि खाली बघू लागला.

नानांनी बाटली जवळ ओढली. मग म्हणाले, "येत्या शनिवारी."

बायकांनी अराबाला मिठ्या मारल्या. "कुठे लपवली होतीस एवढी जीभ?" म्हणाल्या. अराबाला काही ऐकू येत नव्हतं. ज्या पोरीला पळत जाऊन हे सांगावं, "अगं, मी बोलले, सगळ्यांसमोर बोलले!" ती सोडून सगळे तिथं होते.

शनिवारी पहाटे एकुआला घरी आणलं. म्हाताऱ्या बायकांनी तिला न्हाऊ घातलं, मणी बांधले, चांगलं कापड नेसवलं. मग जवळच्यांनी एकेकानं निरोपाचं बोलायचं असतं, मेलेल्याच्या तोंडाकडे बघून, जिवंत माणसाशी बोलावं तसं. इथं ओचामे नसतो. सगळ्या अराबाची वाट बघत थांबल्या. याची तालीम तिनं केली नव्हती.

ती लेकीच्या गालाला हात लावून बसली. गाल गार होता. ती तळहातानं तो चोळत राहिली, ऊब येईल म्हणून.

"एकुआ," ती म्हणाली, आणि आवाज अडखळला नाही. "नानांवर, थोरल्यांवर रागावू नकोस हं. तिथं तुला इतके दिवस त्यांनी नाही ठेवलं. मला बोलायला शिकायला एवढा वेळ लागला, बाळा."