मूलस्थानी चट्टा

बायकोच्या डाव्या नडगीवर तो चट्टा नेमका कधी उगवला, ते आम्हा दोघांनाही सांगता येत नाही. मला दिसला तेव्हा रुपयाएवढा होता. लाल, वर पांढरट खपली, आणि कडेला कुणी पेनानं रेघ ओढावी तशी हद्द. मी चष्मासुद्धा न लावता सांगून टाकलं, "इसब आहे. खाजवू नको."

तिनं "बरं" म्हटलं आणि विषय संपला.

मी कृषी सहायक होतो. गंगाखेड तालुक्यात तीस वर्षं गावोगाव हिंडलो. पानावरचा डाग बांधावरून बघायचा आणि रोगाचं नाव सांगून मोकळं व्हायचं, अशी सवय लागलेली. रोग ओळखल्याशिवाय फवारू नका, म्हणून मी शेतकऱ्यांवर इतका ओरडलोय की काही जण मला पाहून फवारणीचा पंप लपवायचे. निवृत्त झालो आणि लोकांनी विचारायचं बंद केलं. मग सगळं ज्ञान पाजळायला घरात एकच माणूस उरलं.

तर इसबाला मलम. मेडिकलवाल्याकडून पहिली ट्यूब मीच आणली. आठ दिवसांत लाली उतरली, खपली निघाली, आणि मी तिला तीन-तीनदा ऐकवलं की बघ, सांगितलं नव्हतं? ट्यूब संपली आणि पंधरा दिवसांत चट्टा जागच्या जागी हजर. मग मी औषध बदललं. मग पुन्हा बदललं. एकदा तर नायटा असेल म्हणून नायट्याचं आणलं. दोन वर्षं असं चाललं. चट्टा ना दुखायचा, ना रक्त यायचं, ना तिचं काम अडायचं. फक्त हळूहळू पसरत होता. रुपयाचा तो चहाच्या बशीतल्या खळग्याएवढा झाला, तरी रोज बघणाऱ्या मला वाढलेला दिसेना.

शेवटी मेडिकलवाल्यानंच हात जोडले. "साहेब, ही पाचवी ट्यूब हाय. आता मी देत न्हाई. परभणीला चामडीच्या डॉक्टरला दाखवा." मला राग आला. कालपर्यंत हा माणूस माझ्याकडून कपाशीवरची कीड ओळखून घ्यायचा!

परभणीची डॉक्टरीण माझ्या मुलीच्या वयाची असेल. तिनं आधी चट्ट्यावरून बोट फिरवलं, मग दिवा असलेलं भिंग लावून बराच वेळ पाहिलं. दुसरा पाय पाहिला, हात पाहिले, पाठ पाहिली. दुसरीकडे कुठे काहीच नव्हतं.

"खाजतं का?" तिनं विचारलं.

"हो," मी म्हणालो.

"न्हाई," बायको म्हणाली.

दोन्ही उत्तरं एकाच वेळी आली. मी बायकोकडे पाहिलं. ती डॉक्टरणीकडे पाहत होती.

"अगं, दोन वर्षं मी तुला खाजवू नको म्हणतोय!"

"तुमी म्हणायचात, मी बरं म्हणायची. खाजतंय का म्हणून कवा इचारलंत?"

डॉक्टरीण हसली नाही, हे तिचे उपकारच. ती म्हणाली, "काका, इसब असला तर बहुतेक वेळा खाज असते. कमीजास्त होतो, पुष्कळदा दोन्ही पायांवर नाहीतर दोन-चार ठिकाणी उठतो. हा एकटाच आहे, कडा ठळक आहे, हळूहळू वाढतोय आणि मलमाला दाद देत नाही. नुसतं बघून मी नाव सांगणार नाही. तुकडा काढून तपासू."

नुसतं बघून मी नाव सांगणार नाही! एवढ्या शिकलेल्या बाईनं असं म्हणावं, याचं मला तेव्हा नवल वाटलं होतं.

सुई देऊन जागा बधिर केली, पेन्सिलीएवढ्या गोल पात्यानं चट्ट्याचा कण काढला आणि एक टाका घातला. बायको म्हणाली की मुंगी चावल्यासारखं झालं. मला मात्र बाहेर जाऊन बसावं लागलं.

आठवड्यानं, शुक्रवारी संध्याकाळी, रिपोर्ट माझ्या मोबाइलवर आला. दवाखान्यात फोन केला तर मॅडम सोमवारी भेटतील म्हणाले. सोमवारपर्यंत थांबणं माझ्या स्वभावात नाही. इंग्रजी मला वाचता येतं, निदान तोवर मी तसं समजत होतो. वरून तिसऱ्या ओळीत लिहिलं होतं: स्क्वॅमस सेल कार्सिनोमा इन सिटू.

कार्सिनोमा म्हणजे कॅन्सर, एवढं कळत होतं. स्क्वॅमस कळलं नाही. पण घात केला तो 'इन सिटू'नं, कारण तेवढं मला पक्कं ठाऊक होतं. नोकरीतलं प्रत्येक प्रशिक्षण त्याच शब्दावर झालेलं. इन सिटू म्हणजे मूलस्थानी. मूलस्थानी जलसंधारण! पावसाचं पाणी शेतातून वाहू द्यायचं नाही, पडेल तिथंच जमिनीत मुरवायचं. त्यासाठी आडवी पेरणी करा, सरी-वरंबे काढा. हे मी किती सभांमधून घसा कोरडा होईपर्यंत सांगितलं असेल. पडलं तिथंच मुरलं पाहिजे, खाली गेलं पाहिजे, पार मुळांपर्यंत.

म्हणजे कॅन्सर पायात मुरलेला आहे. दोन वर्षं मी वरून मलम चोपडत होतो आणि तो खाली झिरपत होता. हाडापर्यंत गेला असेल. मी पुढची ओळ वाचलीच नाही. मोबाइल पालथा ठेवला आणि अंगणात जाऊन उभा राहिलो. आयुष्यात इतका घाबरलो नव्हतो.

तिनं विचारलं, "आला का ओ कागद?" मी म्हणालो, "आलाय. इंग्रजीत आहे. सोमवारी मॅडमच सांगतील." तिनं पुन्हा विचारलं नाही.

ते तीन दिवस मी काय केलं, ते मलाच नीट आठवत नाही. एकदा वाटायचं, हिला सांगून टाकावं. लगेच वाटायचं, एवढ्या लवकर कशाला? मग वाटायचं, लवकर कसलं, दोन वर्षं उशीर झालाय. पोरांना फोन लावायला नंबर काढायचो आणि ठेवून द्यायचो. ती म्हणाली भाजी आणा, की आणायचो. म्हणाली माहेरच्यांना बोलवा, तरी हो. टीव्हीचा रिमोटसुद्धा आपणहून दिला. रविवारी ती माझ्याकडे बघत म्हणाली, "काय बी म्हणलं तरी हो म्हणायलात. बरं हाय ना तुमचं?"

सोमवारी डॉक्टरणीसमोर बसल्या बसल्या मीच विचारलं, "पाय काढावा लागेल का?"

"कोण म्हणालं?"

"इन सिटू आहे ना. मुरलाय."

तिला काहीच कळेना. मग मी मूलस्थानी जलसंधारण सांगितलं, वरंब्यांसकट. ती थक्क होऊन ऐकत होती. शेवटी तिनं कागद ओढला आणि पेनानं त्वचेच्या सगळ्यात वरच्या थराचं चित्र काढलं. एकावर एक रचलेल्या पेशी आणि तळाशी एक बारीक रेघ. म्हणाली, "या थरातल्या पेशी तळापासून माथ्यापर्यंत बिघडल्यात. त्या कॅन्सरच्याच दिसतात. पण ही रेघ त्यांनी ओलांडली नाही. इन सिटू म्हणजे जागच्या जागीच, खाली उतरलेला नाही. तुमच्या त्या पाण्याच्या अगदी उलट. आणि पुढच्या ओळीत ते स्पष्ट लिहिलंय. वाचलं नाहीत?"

मी वाचलं नव्हतं.

बायकोनं खुर्ची पुढं ओढली. तिनं विचारलं, "म्हंजी मला कॅन्सर झालाय का न्हाई?"

"काकू, कॅन्सरची अगदी पहिली पायरी म्हणा. तसाच सोडला तर काही जणांचा ती रेघ ओलांडून खाली जातो, म्हणून सोडायचा नाही. आज तो वरच्या वर आहे आणि बरा होतो."

"आन मग लाली कशी उतरायची? मलमानं?"

"चट्ट्याभोवती सूज असते. तुमच्या मलमांमधलं औषध सूज दाबतं. सूज दबली की लाली जाते आणि बरं झाल्यासारखं दिसतं. बिघडलेल्या पेशी तिथंच असतात. वरून लाल आणि खपलीचा, म्हणून इसबासारखा दिसतो. डॉक्टरसुद्धा फसतात." हे शेवटचं वाक्य ती माझ्याकडे बघून म्हणाली. तेवढ्यानं मला काही बरं वाटलं नाही.

कशानं झालं, ते दरवेळी सापडत नाही, असंही तिनं सांगितलं. उन्हाचं विचारलं, पूर्वी कधी भस्मं-पुड्या बरेच दिवस खाल्ल्या होत्या का, त्यांत कधीकधी सोमल असतो म्हणून, तेही विचारलं. मग म्हणाली, "नडगीवरची कातडी ताणलेली असते. कापून शिवलं तर भरायला वेळ लागतो. तुमच्यासाठी मी एक मलम देते."

"परत मलम?" मी खुर्चीतून उठलोच.

हे मलम वेगळं होतं. ते बिघडलेल्या पेशी मारणारं होतं. हातमोजा घालून पातळ लावायचं, उन्हापासून जपायचं, चार आठवडे. जागा लालभडक होईल, सोलवटेल, खपल्या धरतील. तसं झालं म्हणजे औषध काम करतंय. बायको म्हणाली, "आधी लाली जायची, ते वाईट. आता लाली वाढल, ते चांगलं. आमी काय समजावं?" मलाही तेच विचारायचं होतं. हे सगळं डोक्यात एका रांगेत बसेना.

तिसऱ्या आठवड्यात तिची नडगी बघवेना. कच्च्या मांसासारखी लाल झाली होती आणि साडी लागली तरी ती कळवळायची. मी म्हणालो, बंद कर. तिनं स्वतःच दवाखान्यात फोन लावला, फोटो पाठवला, पाच मिनिटं बोलली आणि फोन खाली ठेवून मला म्हणाली, "चालू ठिवायला सांगितलंय." माझं मत तिनं विचारलं नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदाच मला ते बोचलं आणि बरंही वाटलं.

जागा भरून आली. तीन महिन्यांनी डॉक्टरणीनं पुन्हा भिंग लावून पाहिलं. गुळगुळीत, जरा फिकट कातडी, बाकी काही नाही. दर सहा महिन्यांनी दाखवत राहा, नवीन काही उठलं तर थांबू नका, म्हणाली. हे ती सगळं बायकोशी बोलली.

परतताना एसटीत खिडकीची जागा मिळाली. सिंगणापूर फाटा गेल्यावर बायको म्हणाली, "एक इचारू का? त्या शुक्रवारी तुमी कागद वाचला व्हता ना?"

मी हो म्हणालो. मग सगळं सांगितलं. मूलस्थानी, मुरलेलं पाणी, हाड, अंगणात उभं राहणं. ती इतकी हसली की पुढच्या सीटवरची बाई मागं वळली. मीही हसलो. आपल्या मूर्खपणावर कुणी असं मोकळेपणानं हसून घेतलं की बरं वाटतं.

मग तिचं हसू थांबलं. तिनं नडगीवरची साडी नीट खाली ओढून घेतली.

"तीन दिस तुमी माझ्या पायाकडं बघितलं बी न्हाई," ती म्हणाली. "मला वाटलं, घाण वाटायलीय."

"घाण नाही गं. भीती वाटत होती."

"पाय माझा व्हता," ती म्हणाली. "आन भ्यायचं तुमी एकट्यानंच ठरिवलं."